२५ हजारांच्या वरचे व्यवहार

एप्रिल सरला की वसई-विरारच्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये खजिनदाराच्या मागे हिशेबाचं काम लागतं. वर्ष ३१ मार्चला संपलेलं असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे पुढच्या चार महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. अशा दिवसांत लेखापरीक्षकाचा निरोप येतो: २५ हजार आणि त्यावरचे सगळे व्यवहार एका कागदावर काढून पाठवा. वर्षभराच्या स्टेटमेंटमध्ये चार-पाचशे ओळी असतात. त्यातल्या बहुतेक ओळी सभासदांच्या मेंटेनन्सच्या, दीड-दोन हजारांच्या. लेखापरीक्षकाला आधी पाहायच्या असतात त्या लिफ्टच्या, वॉचमन एजन्सीच्या, टँकरच्या, दुरुस्तीच्या आणि मुदत ठेवीच्या नोंदी.

खजिनदाराच्या हातात मात्र बऱ्याचदा स्टेटमेंटचे फोटोच असतात. आधीच्या खजिनदाराने छापील पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकलेले असतात, किंवा पासबुक सेक्रेटरींच्या कपाटात असतं आणि त्यांनी घाईत मोबाइल समोर धरलेला असतो. वसईत सहकारी बँकेचं खातं ही जुनी गोष्ट आहे. इथली बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक १९१८ सालची. त्यामुळे घराघरांत आणि संस्थांच्या दप्तरांत जुनी पासबुकं पुष्कळ सापडतात, आणि जुन्या वर्षांच्या नोंदी पाहायच्या तर त्या कागदाचा फोटो काढण्यावाचून पर्याय राहत नाही. चालू वर्षाचं स्टेटमेंट बँकेकडून एक्सेल किंवा पीडीएफ फाइलमध्ये मिळत असेल तर तेच घ्यावं, फोटोच्या वाटेला जाऊ नये. हे प्रकरण फोटोच हाती आहे अशा वेळेसाठी आहे.

काम वरवर सोपं दिसतं. फोटोतली अक्षरं मोबाइलने वाचायची, एक्सेलमध्ये टाकायची, २५ हजारांची गाळणी लावायची आणि उरेल ते छापायचं. यात एक धोका आहे आणि तो गाळणीच्या स्वभावातच आहे. फोटो वाचताना रकमेतला एक आकडा जरी गळला, तरी ती ओळ २५ हजारांच्या खाली घसरते आणि गाळणीत नाहीशी होते. यादीत चुकीची रक्कम आली तर कुणीतरी ती पाहतं आणि विचारतं. जी ओळ यादीत आलीच नाही, तिच्याविषयी विचारायला कुणाकडेच काही नसतं. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो: आधी सगळ्या ओळी तपासायच्या, छोट्या-मोठ्या सगळ्या, आणि मग गाळायचं. मोठ्या रकमाच हव्या आहेत म्हणून मोठ्याच ओळी तपासल्या, तर चुकून लहान झालेली मोठी ओळ कधीच हाती लागणार नाही.

प्रश्न नीट विचारून घ्या

कामाला लागण्याआधी लेखापरीक्षकाला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे, बरोबर २५,००० रुपयांचा व्यवहार यादीत हवा की नको? ‘२५ हजारांपेक्षा जास्त’ म्हटलं तर तो बाहेर राहतो. ‘२५ हजार किंवा त्याहून जास्त’ म्हटलं तर आत येतो. फरक क्षुल्लक वाटेल, पण माणसं पैसे देतात ते बहुधा गोल आकड्यांत, त्यामुळे नेमक्या मर्यादेवर बसलेले व्यवहार दुर्मीळ नसतात. कायद्यातही दोन्ही प्रकार आहेत. प्राप्तिकर कायद्यात रोखीने कर्ज किंवा ठेव घेण्यावरची मर्यादा ‘२० हजार किंवा अधिक’ अशी आहे, म्हणजे बरोबर २० हजारही त्यात सापडतात. व्यवसायातल्या रोख खर्चाची मर्यादा मात्र १० हजारांपेक्षा जास्त अशी आहे, तिथे बरोबर १० हजार चालतात. यादी कुठल्या कामासाठी हवी आहे ते कळल्याशिवाय हा बारकावा ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट, फक्त खात्यातून गेलेल्या रकमा हव्यात की आलेल्याही? सोसायटीच्या खात्यात अनेक सभासदांचे चेक एकदम भरले की एखादी मोठी जमा दिसते. ती यादीत हवी की नको हे आपल्या मनाने ठरवू नये.

फोटो

फोटोत पान सपाट असावं आणि उजेड बाजूने यावा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून फोटो काढला तर आपल्याच हाताची सावली नेमकी रकमेच्या रकान्यावर पडते. पासबुकाच्या मधल्या घडीत पान वळतं आणि घडीलगतच्या रकान्यातला पहिला किंवा शेवटचा आकडा दबतो, म्हणून पासबुकाच्या दोन्ही पानांचा एकच फोटो न काढता एकेका पानाचा वेगळा काढावा. कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढला की त्यावर लाटांसारख्या रेषा उमटतात आणि आकडे वाचताना घोटाळा होतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, बारीक आकड्यांच्या कडा फुटतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. खाते क्रमांकावर फोटो काढण्यापूर्वीच कागदाची पट्टी ठेवावी. शेवटचे चार आकडे दिसले तरी पुरतात.

प्रत्येक पानाच्या फोटोत पहिली ओळ आणि शेवटची ओळ पूर्ण आली पाहिजे. यावर मी भर देतो, कारण पुढची सगळी तपासणी एका ओळीच्या शिल्लकेवरून दुसरीकडे जाते. मधली एक ओळ कापली गेली की साखळी तुटते.

वाचताना काय बिघडतं

मोबाइलवर फोटोतला मजकूर उचलणारी साधनं आता सगळ्यांकडे आहेत. गूगल लेन्समधून मजकूर कॉपी करता येतो, एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये चित्रातून तक्ता उचलण्याची सोय आहे. साधन कुठलंही असो, ते ज्या चुका करतं त्या ठरावीक आहेत. शून्याच्या जागी `O` हे अक्षर येतं, `5` च्या जागी `S`, `8` च्या जागी `B`. या चुका बऱ्या, कारण अक्षर घुसलं की तो आकडा राहत नाही आणि लगेच लक्षात येतो. आकड्याच्या जागी दुसरा आकडाच आला, `4` चा `9` किंवा `1` चा `7` झाला, तर मात्र डोळ्यांना काहीच खटकत नाही. हाताने लिहिलेल्या पतपेढीच्या पासबुकात देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत अशीच होते, आणि ती माणूसही करतो.

याखेरीज रकाने सरकतात. तपशिलाच्या रकान्यात यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो, चेकचा क्रमांक ६ आकडी असतो. चेक क्रमांक 451207 रकमेच्या रकान्यात घुसला की तो ४ लाख ५१ हजार २०७ रुपयांचा व्यवहार होऊन बसतो. तपशील लांब असेल तर तो दोन-तीन ओळींत मोडतो आणि एका व्यवहाराच्या तीन ओळी होतात. पानाच्या तळाशी ‘पुढील पानावर’ म्हणून नेलेली शिल्लक किंवा महिन्याची बेरीज असते. तीही गाळणीत मोठ्या दिमाखात उभी राहते. या ओळी व्यवहार नव्हेत, त्या हाताने काढाव्या लागतात.

एक पान, दहा ओळी

आता एक पान प्रत्यक्ष तपासू. हे पान नमुन्यासाठी मी रचलेलं आहे, पण विरारमधल्या मध्यम आकाराच्या सोसायटीचा एप्रिल साधारण असाच असतो. आरंभीची शिल्लक ४,१८,२५० रुपये आहे. फोटोतून वाचून आलेल्या ओळी खाली जशाच्या तशा दिल्या आहेत. शेवटचा ‘फरक’ हा रकाना आपण घातलेला आहे. आधीच्या ओळीची शिल्लक घ्यायची, त्यातून नावे पडलेली रक्कम वजा करायची, जमा असेल तर मिळवायची, आणि येणाऱ्या उत्तरातून या ओळीची छापील शिल्लक वजा करायची. सगळं बरोबर वाचलं असेल तर शून्य उरलं पाहिजे.

| ओळ | तारीख | तपशील | नावे | जमा | शिल्लक | फरक |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ३ एप्रिल | महावितरण बिल | १८,६४० | | ३,९९,६१० | ० |
| २ | ५ एप्रिल | यूपीआय, मेंटेनन्स | | २,४०० | ४,०२,०१० | ० |
| ३ | ८ एप्रिल | चेक, पाण्याचे टँकर | २५,००० | | ३,७७,०१० | ० |
| ४ | १० एप्रिल | सभासदांचे चेक | | ६१,५०० | ४,३८,५१० | ० |
| ५ | १२ एप्रिल | वॉचमन एजन्सी | ३८,००० | | ४,००,५१० | ० |
| ६ | १५ एप्रिल | यूपीआय, मेंटेनन्स | | २,४०० | ४,०२,९१० | ० |
| ७ | १८ एप्रिल | लिफ्ट देखभाल | २,४५० | | ३,७०,४६० | ३०,००० |
| ८ | २२ एप्रिल | मुदत ठेव | १,५०,००० | | २,२०,४६० | ० |
| ९ | २६ एप्रिल | बँकेचे शुल्क | ११८ | | २,२०,३४२ | ० |
| १० | २९ एप्रिल | साफसफाई कंत्राट | २९,८०० | | १,९५,५४२ | −५,००० |

सातव्या ओळीत फरक ३०,००० आला. एक आकडा आणि पुढे नुसती शून्यं असा फरक आला की बहुधा एकाच घरातला एक आकडा चुकलेला असतो. इथे दहा हजारांच्या घरात ३ कमी पडतोय. फोटो मोठा करून पाहिला तर रकान्याच्या उभ्या रेषेला चिकटलेला ३ दिसतो. साधनाने तो रेषेचाच भाग समजून सोडून दिला होता. खरी रक्कम ३२,४५० आहे. दहाव्या ओळीत फरक ५,००० चा आहे आणि तो उलट्या बाजूचा, म्हणजे वाचलेली रक्कम जास्त आहे. तिथे ४ चा ९ झालाय. खरी रक्कम २४,८००.

आता समजा हा रकाना घातलाच नसता आणि सरळ २५ हजारांची गाळणी लावली असती. पाच ओळी आल्या असत्या: टँकर, सभासदांचे चेक, वॉचमन, मुदत ठेव आणि साफसफाई. बरोबर यादीतही पाचच ओळी येतात. फक्त साफसफाईच्या जागी तिथे लिफ्ट आहे. ओळींची संख्या जुळते, कागद नीटनेटका दिसतो, आणि लिफ्टवर झालेला ३२,४५० रुपयांचा खर्च लेखापरीक्षकाच्या नजरेसमोर येतच नाही. म्हणून ओळी मोजून समाधान मानणं पुरेसं नाही असं माझं ठाम मत आहे.

चूक कुठल्या प्रकारची आहे, हेही फरकाचा आकडा सांगतो. जमेची रक्कम नावेच्या रकान्यात गेली तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो: सहाव्या ओळीतले २,४०० चुकीच्या रकान्यात पडले असते तर तिथे उणे ४,८०० दिसले असते. फरकाची निम्मी रक्कम ओळीत आहे का, हे पाहिलं की उलगडा होतो. रक्कम हाताने टाइप करताना शेजारचे आकडे उलटसुलट झाले, ३८,००० चे ८३,००० झाले, तर फरक उणे ४५,००० येतो. अशा अदलाबदलीचा फरक नेहमी ९ ने भागला जातो, हे जुन्या मुनीमांना तोंडपाठ असायचं. रक्कम ठीक पण शिल्लकच चुकीची वाचली गेली असेल, तर लागोपाठच्या दोन ओळी बिघडतात आणि त्यांचे फरक समान पण उलट्या चिन्हाचे येतात. पाचव्या ओळीची शिल्लक ४,०६,५१० वाचली असती तर पाचवीत उणे ६,००० आणि सहावीत अधिक ६,००० आले असते. आणि एखादी ओळ फोटोतून सुटलीच असेल, तर तिची सगळी रक्कम पुढच्या ओळीत फरक म्हणून उभी राहते. आठवी ओळ कापली गेली असती तर नवव्या ओळीत नेमके दीड लाख दिसले असते.

हे सगळं कागद-पेन्सिलनेही होतं. एक्सेलमध्ये करायचं तर A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक ठेवावी. दुसऱ्या ओळीत फक्त आरंभीची शिल्लक E2 मध्ये लिहावी. पहिला व्यवहार तिसऱ्या ओळीत येईल. मग F3 आणि G3 मध्ये ही दोन सूत्रं लिहून खाली ओढावी:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
=COUNT(C3:D3)
```

पहिलं सूत्र फरक काढतं. दुसरं का हवं, ते सांगतो. फोटोतून आलेली रक्कम एक्सेल पुष्कळदा आकडा न समजता मजकूर समजतं. अशी रक्कम खान्यात डावीकडे चिकटलेली दिसते. गंमत म्हणजे वजाबाकी करताना एक्सेल त्या मजकुराचा आकडा करून घेऊ शकतं, त्यामुळे फरक शून्य येतो आणि सगळं आलबेल वाटतं. गाळणी लावताना मात्र तेच एक्सेल वेगळं वागतं. मेनूतली नेहमीची आकड्यांची गाळणी मजकूर झालेली रक्कम सोडून देते, मग ती दीड लाखांची का असेना. सूत्रात `>=25000` अशी तुलना केली तर उलट होतं: एक्सेलच्या लेखी कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा, म्हणून मजकूर झालेले २,४०० सुद्धा यादीत येऊन बसतात. `COUNT` फक्त खरे आकडे मोजतं. प्रत्येक व्यवहाराच्या ओळीत नावे किंवा जमा यांपैकी एकच रक्कम असते, म्हणून G मध्ये सगळीकडे 1 यायला हवा. 0 आला तर रक्कम मजकूर झाली आहे किंवा वाचलीच गेलेली नाही. 2 आला तर दोन्ही रकाने भरले गेले आहेत, आणि अशा वेळी बहुधा चेक क्रमांक सरकलेला असतो. मजकुराचा आकडा करण्यासाठी बाजूच्या रिकाम्या खान्यात हे सूत्र वापरावं आणि आलेला आकडा मूळ खान्यात मूल्य म्हणून चिकटवावा. लाखाच्या पद्धतीने टाकलेले स्वल्पविराम ते काढून टाकतं:

```
=NUMBERVALUE(C3,".",",")
```

F मध्ये सगळीकडे 0 आणि G मध्ये सगळीकडे 1 आला की मगच गाळावं. आपल्या दहा ओळींसाठी, नव्या एक्सेलमध्ये, एवढं पुरतं:

```
=FILTER(A3:E12,(C3:C12>=25000)+(D3:D12>=25000))
```

मधल्या `+` चा अर्थ इथे ‘किंवा’ असा आहे. ‘२५ हजारांपेक्षा जास्त’ असा निरोप असेल तर दोन्हीकडचं `=` काढायचं.

शेवटी आणखी एक ताळा. आरंभीच्या ४,१८,२५० मधून सगळ्या नावे रकमांची बेरीज २,८९,००८ वजा केली आणि जमेची बेरीज ६६,३०० मिळवली की १,९५,५४२ येतात. हीच पानाची शेवटची शिल्लक आहे. एका पानाची शेवटची शिल्लक आणि पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक एकच आहे ना, हे प्रत्येक पानाला पाहावं. दोन फोटोंच्या मधलं एखादं पान गहाळ असेल तर ते इथेच कळतं.

या तपासणीलाही मर्यादा आहे. ती रकमा तपासते, तारीख आणि तपशील तपासत नाही. ८ एप्रिलचा ३ एप्रिल झाला तरी फरक शून्यच राहील. त्यासाठी तारखा चढत्या क्रमाने आहेत का ते पाहावं, आणि यादीत येणाऱ्या ओळींचा तपशील फोटोशी शब्दशः पडताळावा. यादीत ओळी थोड्या असतात, त्यामुळे हे काम जड जात नाही. काही पासबुकांत दिवसाच्या शेवटीच शिल्लक लिहिलेली असते. तिथे एका दिवसाच्या सगळ्या ओळी एकत्र धरून फरक काढावा, आणि फरक आला तर त्या दिवसाची प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी.

तक्ता

लेखापरीक्षकाच्या हाती जाणारा कागद असा:

*खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कालावधी १ ते ३० एप्रिल. निकष: २५,००० रुपये किंवा त्याहून जास्त, नावे व जमा दोन्ही. एकूण व्यवहार १०, यादीत ५.*

| अ.क्र. | तारीख | तपशील | नावे | जमा | पान/ओळ |
|---|---|---|---|---|---|
| १ | ८ एप्रिल | चेक, पाण्याचे टँकर | २५,००० | | १/३ |
| २ | १० एप्रिल | सभासदांचे चेक | | ६१,५०० | १/४ |
| ३ | १२ एप्रिल | वॉचमन एजन्सी | ३८,००० | | १/५ |
| ४ | १८ एप्रिल | लिफ्ट देखभाल | ३२,४५० | | १/७ |
| ५ | २२ एप्रिल | मुदत ठेव | १,५०,००० | | १/८ |
| | | एकूण | २,४५,४५० | ६१,५०० | |

निकष तक्त्याच्या डोक्यावर पूर्ण वाक्यात लिहिलेला आहे. तो नसेल तर सहा महिन्यांनी हा कागद पाहणाऱ्याला टँकरचा व्यवहार यादीत का आहे, हे कळणार नाही. क्रम तारखेचा ठेवला आहे, रकमेचा नाही, कारण वाचणारा समोर स्टेटमेंट ठेवून ओळीमागून ओळ पडताळत जातो. शेवटच्या रकान्यात पान आणि ओळ दिली आहे ती त्याचसाठी. व्यवहाराच्या मूळ तपशिलात सभासदाचं नाव किंवा मोबाइल क्रमांक असेल तर तो या कागदावर आणण्याची गरज नाही.

बेरजेचाही उपयोग आहे. यादीत न आलेल्या नावे रकमा तीन आहेत आणि त्यांची बेरीज ४३,५५८ रुपये. म्हणजे या महिन्यात खात्यातून गेलेल्या पैशांपैकी सुमारे ८५ टक्के रक्कम यादीतल्या नावेच्या चार ओळींत आली. ही माहिती एका ओळीत खाली लिहिली की लेखापरीक्षकाला गाळणीबाहेर किती राहिलं याचा अंदाज येतो.

गाळणीला न दिसणारं

साफसफाईच्या २४,८०० रुपयांकडे पुन्हा पाहा. मर्यादेच्या २०० रुपये खाली असल्याने ते यादीत आले नाहीत, आणि निकषाप्रमाणे ते योग्यच आहे. पण त्याच कंत्राटदाराला त्याच महिन्यात आणखी एखादी तशीच रक्कम गेली असेल, तर दोन्ही मिळून ५० हजारांच्या घरात जातात आणि गाळणीला मात्र दोन्ही दिसत नाहीत. यात कुणी मुद्दाम तुकडे केले असतील असं नाही. टँकरवाल्याला आठवड्याच्या आठवड्याला पैसे देण्याची पद्धत इथे सर्रास आहे, आणि उन्हाळ्यात ही रक्कम महिन्याकाठी मोठी होते.

कायदाही पुष्कळ ठिकाणी एकेक व्यवहार न पाहता बेरीज पाहतो. रोख खर्चाची १० हजारांची मर्यादा एका माणसाला एका दिवसात दिलेल्या एकूण रकमेला लागते. बचत खात्यांत रोख भरण्याची माहिती बँक प्राप्तिकर विभागाला कळवते ती वर्षभरात एका व्यक्तीच्या खात्यांतली एकूण रोख भर १० लाख किंवा अधिक झाली की. असा निकष असेल तर क्रम बदलतो: आधी माणसाप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे किंवा वर्षाप्रमाणे बेरजा करायच्या, मग त्या बेरजांना गाळणी लावायची. एकेक ओळ गाळून हे उत्तर मिळूच शकत नाही.

तेव्हा तक्ता देताना मर्यादेच्या थोड्या खाली, म्हणजे २०,००० ते २४,९९९ या पट्ट्यात पडलेल्या ओळी पाहाव्यात, आणि एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर ते वेगळं लिहून द्यावं. निरोपात हे मागितलेलं नसतं, पण लेखापरीक्षकाचा पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो.

आणि तक्त्याबरोबर ते फोटोही द्या, पान क्रमांक घालून. निदान सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर होईपर्यंत ते पुसू नका.